गाळ की गाय: आवाजी टंकलेखनासाठी उच्चार

मोबाइलसमोर बोललेले वाक्य पडद्यावर उमटण्याआधी त्याचे दोनदा तोलमाप होते. पहिले तोलमाप आवाजाचे. माइकमध्ये शिरलेला आवाज सेकंदाला साधारण १६,००० वेळा मोजला जातो. त्या आकड्यांचे सुमारे २५ मिलिसेकंदांचे तुकडे केले जातात, आणि दर १० मिलिसेकंदांनी नवा तुकडा घेतला जात असल्याने ते एकमेकांवर चढलेले असतात. प्रत्येक तुकड्यात कोणत्या पट्टीतली ऊर्जा किती आहे हे पाहून, येथे कोणते अक्षर असण्याची शक्यता किती, असा अंदाज यंत्र बांधते. दुसरे तोलमाप भाषेचे. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येतो, कोणत्या प्रत्ययामागे कोणते रूप बसते, हे यंत्राने प्रचंड मजकुरावरून शिकलेले असते. नव्या प्रणालींत ही दोन्ही कामे एकाच जाळ्यात मिसळलेली असली, तरी निर्णयामागची दोन कारणे तीच राहतात: कानाला काय वाटले आणि वाक्यात काय बसते.

या दोन्ही गोष्टी एका साध्या वाक्यावर तपासता येतात. ‘विहिरीतला गाळ काढला’ हे वाक्य वऱ्हाडात किंवा खानदेशात वाढलेला माणूस सहज बोलेल तेव्हा ‘ळ’च्या जागी ‘य’ येण्याचा संभव मोठा. डोळा, पोळी, डाळ हे शब्द तिकडच्या बोलण्यात डोया, पोयी, डाय असे होतात, तसाच गाळ हा ‘गाय’ होतो. आता आवाजाच्या तोलमापात ‘गाय’ हा शब्द शंभर टक्के जुळतो, कारण बोललेलेच तसे आहे. पण ‘विहिरीतला’ आणि ‘काढला’ ही दोन्ही रूपे पुल्लिंगी आहेत, आणि गाय स्त्रीलिंगी. गाय असती तर वाक्य ‘विहिरीतली गाय काढली’ असे झाले असते. खेडेगावात तेही घडते, त्यामुळे केवळ अर्थावरून यंत्राला निवाडा करता येत नाही. निवाडा होतो तो ‘ला’ या शेवटच्या अक्षरावर. बोलणाऱ्याने दोन्हीकडचा ‘ला’ नीट ऐकू येईल असा उच्चारला, तर यंत्र ‘गाय’ ऐकूनही ‘गाळ’ लिहिण्याची शक्यता वाढते. तोच ‘ला’ गिळला, तर ‘विहिरीतल… काढल…’ एवढेच हाती येते आणि यंत्र कानाला जे वाटले तेच लिहून मोकळे होते.

मराठीत आवाजी टंकलेखनासाठी बोलण्याचे निम्मे कौशल्य येथेच आहे. मराठी वाक्यात लिंग, वचन आणि विभक्ती दोनदा-तीनदा सांगितली जाते: विशेषणात, नामाच्या रूपात आणि क्रियापदात. ही पुनरुक्ती यंत्राला फार उपयोगी पडते. मात्र ती सगळी शब्दांच्या शेवटच्या अक्षरांत साठवलेली असते, आणि घाईच्या बोलण्यात सर्वांत आधी गळतात तीच अक्षरे. वाक्याच्या अखेरीस आवाज खाली जातो, श्वास संपतो, आणि ‘केली होती’चे ‘केल्ती’ होते. म्हणून सर्व शब्द कोरून काढण्याची गरज नाही. प्रत्येक शब्दाचा शेवट आणि वाक्याचे शेवटचे क्रियापद पहिल्या शब्दाइतक्याच आवाजात पोहोचले, तर पुष्कळ काम होते.

याच कारणाने एकेक शब्द तोडून बोलणे नुकसानीचे ठरते. ही सवय जुन्या काळातून आलेली आहे. १९९० मध्ये बाजारात आलेल्या ‘ड्रॅगन डिक्टेट’ या इंग्रजी प्रणालीसमोर बोलणाऱ्याला दोन शब्दांमध्ये थांबावेच लागे, कारण शब्द कोठे संपला हे तिला त्या शांततेवरूनच कळत असे. १९९७ मध्ये त्याच कंपनीच्या ‘नॅचरली स्पीकिंग’ने सलग बोलणे स्वीकारले आणि ती अट संपली. आजची यंत्रे सलग बोलण्यावरच घडवलेली आहेत. ‘वि–हि–री–त–ला’ असे सुटे बोलले की, तसे बोलणे यंत्राने शिकताना क्वचितच ऐकलेले असल्याने ते एका शब्दाचे दोन-तीन शब्द करते. चूक झाल्यावर मोठ्याने, ओढून, तुकड्या-तुकड्यांनी तोच शब्द पुन्हा सांगण्याची माणसाची सवय तर हमखास उलटी पडते. बहिऱ्या माणसाशी बोलताना तिचा उपयोग होत असेल. यंत्राला मात्र तो नवाच आवाज वाटतो.

योग्य माप म्हणजे पाच ते दहा शब्दांचे अर्थपूर्ण वाक्य किंवा वाक्यखंड, एका श्वासात, बातम्या वाचणाऱ्याच्या गतीने किंवा त्याहून जरा सावकाश. थांबायचे ते अर्थ पुरा होतो तेथे. ‘काळी’ म्हणून थांबले आणि मग ‘माती’ म्हटले, तर ‘काळी’चा निर्णय मातीच्या आधाराशिवाय होतो. बोलत असताना पडद्यावर येणारे शब्द अधूनमधून आपोआप बदलतात, हेही त्यामुळेच घडते. जीबोर्डसारख्या कळफलकावर आधी कच्चा अंदाज उमटतो, पुढचे शब्द आले की तो सुधारला जातो, आणि थोड्या शांततेनंतर वाक्य पक्के होते. कच्च्या अंदाजात चूक दिसताच मध्येच थांबणारा माणूस यंत्राची सुधारण्याची संधीच काढून घेतो. वाक्य पुरे करावे, पक्के होऊ द्यावे, मग चूक पाहावी. शांतता फार लांबली तर माइक बंद होतो, आणि पुढचे दोन-तीन शब्द हवेत जातात. सुरुवातीलाही तेच: माइकचे चिन्ह दाबल्यावर ते सुरू झाल्याची खूण दिसेपर्यंत अर्धा सेकंद थांबले नाही, तर पहिला शब्द अर्धवट जातो आणि ‘विहिरीतला’ऐवजी ‘रीतला’ असे काहीतरी उमटते.

आवाज स्वच्छ पोहोचावा यासाठीच्या गोष्टी थोड्या आहेत. फोनचा मुख्य माइक सहसा खालच्या कडेला, चार्जिंगच्या छिद्राजवळ असतो, आणि फोन धरणाऱ्याचे बोट किंवा जाड कव्हर नेमके त्यावर येते. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, ओठांच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला धरावा. समोर धरला तर प, फ, भ यांचा श्वास माइकवर आदळतो आणि त्या क्षणाचे मोजमाप बिघडते. पंख्याचा एकसुरी आवाज यंत्र बऱ्यापैकी वजा करते. शेजारी चाललेले दुसऱ्या माणसाचे बोलणे किंवा टीव्ही मात्र वजा करता येत नाही, कारण तोही माणसाचाच आवाज. फरशी आणि उघड्या भिंतींच्या रिकाम्या खोलीत घुमणाऱ्या आवाजानेही शब्दांचे शेवट एकमेकांत मिसळतात. ब्लूटूथच्या हेडफोनबद्दल एक गोष्ट फारशी माहीत नसते. गाणी ऐकताना उत्तम वाटणारा हेडफोन माइक सुरू होताच कॉलच्या पद्धतीवर जातो, आणि जुन्या किंवा स्वस्त जोडणीत आवाजाची मोजणी सेकंदाला ८,००० वर उतरते. तसे झाले की ४,००० हर्ट्‌झच्या वरचा सगळा भाग कापला जातो. ‘स’ आणि ‘श’ यांच्यातला बराचसा फरक त्याच भागात असतो. फोनच्या माइकवर नीट येणारा मजकूर हेडफोनवर बिघडत असेल, तर दोष बोलण्याचा नाही.

त्याहीआधी भाषेची निवड तपासावी लागते. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने ही चूक डोळ्याला पटकन दिसत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने आवाजी टंकलेखनात ज्या तीस भाषांची भर घातली, त्यांत मराठी होती. पण अनेक फोनवर आजही माइक हिंदीवर किंवा भारतीय इंग्रजीवर लावलेला असतो. ‘आहे’च्या जागी ‘है’ किंवा ‘आए’, ‘मी’च्या जागी ‘में’ येत राहिले, तर बोलणे सुधारण्याआधी कळफलकाच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची भाषा मराठी (भारत) करावी. जी साधने भाषा स्वतः ओळखतात, ती छोट्या वाक्यावर मराठीला हिंदी समजण्याची शक्यता अधिक. तेथे भाषा आधीच ठरवून देण्याची सोय असेल तर ती वापरावी. भाषांच्या यादीत मराठीची खूण `mr` अशी असते. गूगल डॉक्समध्ये क्रोम ब्राउझरवर `Tools` या यादीतले `Voice typing` निवडले, किंवा `Ctrl+Shift+S` दाबले, की माइकच्या चौकटीवरच भाषा बदलता येते.

एवढे झाल्यावरही उरतात त्या चुका प्रादेशिक ढबीच्या. येथे ढब आणि बोली यांत फरक करणे आवश्यक आहे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. ‘वेळ’ला ‘येळ’ म्हणणे ही ढब: शब्द तोच, उच्चार वेगळा. ‘मला’ऐवजी वऱ्हाडीत ‘मले’ किंवा मालवणीत ‘माका’ म्हणणे ही बोली: रूपच निराळे. ढबीच्या बाबतीत यंत्राजवळ योग्य शब्द असतो, फक्त तेथवर पोहोचण्याचा प्रश्न असतो. बोलीच्या बाबतीत तो शब्द यंत्राने वाचलेल्या मजकुरात फार थोडा असतो, त्यामुळे कितीही शुद्ध उच्चारला तरी यंत्र त्याला जवळच्या प्रमाण शब्दाकडे ओढते. अर्ज लिहिणाऱ्याला हे सोयीचे वाटेल. बोलीतली गोष्ट किंवा आजीच्या तोंडची ओवी लिहून घेणाऱ्यासाठी मात्र ते नुकसान आहे. तेथे आवाज ध्वनिमुद्रित करून हाताने लिहिणे हाच भरवशाचा मार्ग.

ढबीमुळे यंत्र का अडखळते याचे कारण त्याच्या शिकवणीत आहे. शिकवणीसाठी वापरलेल्या आवाजांत ज्या प्रदेशाची, ज्या थरातली माणसे जास्त, त्यांचे बोलणे यंत्राला सोपे जाते. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात शब्दचुकांचे सरासरी प्रमाण १९ टक्के, तर कृष्णवर्णीय वक्त्यांच्या बोलण्यात ३५ टक्के निघाले. दोघांनी नेमके तेच शब्द उच्चारले तेथेही अंतर राहिले, म्हणजे अडचण शब्दसंग्रहाची नसून आवाज ओळखण्याच्या टप्प्यातली होती. महाराष्ट्रात फोनवरून शेतमालाचे भाव सांगणारी मराठी प्रणाली आयआयटी मुंबई आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी घडवायला घेतली, तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांचेच आवाज फोनवरून गोळा केले, ते याच कारणाने. स्टुडिओतल्या स्वच्छ, शहरी आवाजांवर शिकलेले यंत्र बाजार समितीच्या आवारातून आलेल्या फोनला उपयोगी पडले नसते.

मात्र बोलणाऱ्याने आपली संपूर्ण ढब टाकून द्यावी, असा याचा अर्थ होत नाही. तसे करता येतही नाही. ढबीचे सूर, हेल, वाक्याची चाल यांमुळे चुका फारशा होत नाहीत. चुका होतात त्या मोजक्या ध्वनींमुळे, आणि त्याही तेथेच, जेथे बदललेल्या उच्चाराचा दुसरा खरा शब्द अस्तित्वात असतो. ‘वेळ’चे ‘येळ’ झाले तरी ‘येळ’ असा दुसरा परिचित शब्द नसल्याने ‘दुपारच्या येळी’ म्हटल्यावर यंत्र बहुधा ‘वेळी’ लिहितेच. ‘इचार’, ‘इहीर’, ‘येक’ हे ग्रामीण उच्चारही याच कारणाने बऱ्यापैकी निभावतात. पण ‘गाळ’चे ‘गाय’ झाले, ‘काळी’चे ‘कायी’ होऊन ते ‘काही’च्या सैल उच्चाराजवळ गेले, ‘वेळ’चे ‘वेल’ झाले, की समोर दोन खरे शब्द उभे राहतात.

‘ळ’ हा त्यामुळे सर्वांत महत्त्वाचा ध्वनी. त्यासाठी जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागले पाहिजे आणि पुढे झटकले गेले पाहिजे. ‘य’मध्ये जीभ कोठेच टेकत नाही, ‘ल’मध्ये ती दातांमागे टेकते. ज्यांच्या बोलण्यात ‘ळ’ नाही त्यांनी ‘बाळ, काळ, माळ’ असे सुटे शब्द घोकण्यापेक्षा ‘काळी माती’, ‘सकाळची वेळ’, ‘गाळ काढला’ असे जोडलेले तुकडे म्हणून सराव करावा, कारण यंत्रासमोर शब्द सुटा कधी येत नाही. ‘ण’ आणि ‘न’ यांचे तसेच: ‘पाणी’चे ‘पानी’ झाले तरी वाक्य सावरून घेते, पण ‘दोन मण’चे ‘दोन मन’ झाले की पंचाईत. दुसरा गट महाप्राणांचा. ‘कधी’चे ‘कदी’, ‘बघ’चे ‘बग’, ‘दूध’चे ‘दूद’ असे शब्दाच्या मध्ये आणि शेवटी होते, आणि ते सहसा निभावते. शब्दाच्या सुरुवातीला मात्र ‘भार’ आणि ‘बार’, ‘धार’ आणि ‘दार’, ‘फळ’ आणि ‘पळ’ यांत श्वासाच्या झोताशिवाय फरक नाही. हाताचा तळवा तोंडासमोर धरून ‘बार, भार’ म्हटले तर दुसऱ्या वेळी झोत जाणवायला हवा. तिसरा गट ‘श’ आणि ‘स’चा: ‘शाळा’चे ‘साळा’ निभावते, पण ‘शाल’ आणि ‘साल’, ‘शाप’ आणि ‘साप’ अशा जागी, विशेषतः हेडफोनवर, गोंधळ होऊ शकतो.

ज्या गोष्टींची काळजी करण्याचे कारण नाही, त्यांची यादी याहून मोठी निघेल. ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत, पण लिपीत अक्षर एकच. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, हे बोलताना वेगळे असले तरी लिहिताना एकच उमटते. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. ‘शिर’ आणि ‘शीर’ यांतला इकार मराठी बोलण्यात नेमका मोजता येण्याइतका वेगळा राहत नाही, आणि यंत्र तो वाक्यावरूनच ठरवते. मुद्दाम ‘शीऽऽर’ असे ओढून काही साधत नाही. बोलताना ‘केलं’ म्हटले आणि पडद्यावर ‘केले’ उमटले, तर ती ओळखण्यातली चूक नव्हे. दोन्ही रूपे लिखित मजकुरात असतात आणि यंत्र त्यांतले एक निवडते. एका लेखात दोन्ही मिसळली असतील, तर ती शेवटी शोध-बदल सोयीने एकसारखी करणे हे बोलण्यात काळजी घेण्यापेक्षा सोपे.

स्वतःच्या अडचणीचे ध्वनी कोणते, हे अंदाजाने ठरवू नये; ते मोजता येते. समजा, अकोला जिल्ह्यातील एक कृषी सहायक आपल्या भेटीची टिपणे फोनवर बोलून लिहितो. त्याने नेहमीच्या कामातला, वीस शब्दांचा मजकूर कागदावर लिहून घेतला: ‘विहिरीतला गाळ काढला. काळी माती बांधावर टाकली. दुपारच्या वेळी पाऊस आला. खताची पोती भिजली नाहीत. साहेब म्हणाले, पंचनामा उद्या होईल.’ तो त्याने आपल्या नेहमीच्या ढबीत, न सजवता, बोलून दाखवला आणि पडद्यावर पुढील मजकूर आला: ‘विहिरीतला गाय काढला काही माती बांधावर टाकली दुपारच्या वेळी पाऊस आला खताची पोती भिजली साहेब म्हणाले पंचनामा उद्या होईल’. दोन शब्द बदलले आणि एक गळाला. बदललेले, गळालेले आणि नसताना घातलेले शब्द मोजून एकूण शब्दांनी भागले की शब्दचुकांचे प्रमाण मिळते. येथे ते विसांत तीन, म्हणजे १५ टक्के.

आकड्यापेक्षा चुकांची जात महत्त्वाची. तोच मजकूर त्याच जागी आणखी दोन वेळा बोलावा. ‘गाय’ आणि ‘काही’ तिन्ही वेळा तेथेच आले, तर कारण उच्चारात आहे. चूक दर वेळी वेगळ्या शब्दावर पडली, तर कारण माइक, खोलीतला आवाज किंवा अशक्त नेटवर्क असते. काही प्रणाली आवाज दूरच्या संगणकावर पाठवून ओळखतात आणि जोडणी तुटक असली की शब्दच्या शब्द गाळतात. त्यानंतर तोच मजकूर, त्याच फोनवर, दुसऱ्या भागातील माणसाकडून बोलून घ्यावा. पुणे किंवा सोलापूरकडच्या सहकाऱ्याने म्हटले आणि ‘गाळ’ बरोबर आला, तर दोष ढबीचा. त्याच्याही तोंडी तोच शब्द चुकला, तर तो शब्द यंत्राला माहीतच नाही आणि उच्चार घोकण्यात अर्थ नाही. गावांची नावे, बियाण्यांच्या जाती, औषधांची नावे या दुसऱ्या प्रकारात वारंवार येतात.

कृषी सहायकाच्या बाबतीत ‘गाय’ आणि ‘काही’ तिन्ही वेळा आले, आणि ‘नाहीत’ एकदाच गळाला. म्हणजे त्याला सुधारायचा ध्वनी एकच, ‘ळ’. आणि त्याचबरोबर वाक्याच्या शेवटी आवाज पडू न देणे. सरावाला जोडलेले तुकडे घ्यायचे, वर सांगितल्याप्रमाणे. तोवर शब्द बदलण्याचीही एक पळवाट आहे: ‘काळी माती’ऐवजी ‘काळ्या रंगाची माती’ म्हटले तर ‘रंगाची’ या शब्दाचा आधार यंत्राला मिळतो, आणि ‘गाळ काढला’ऐवजी ‘गाळ उपसला’ म्हटले तर गायीचा संबंधच उरत नाही. गाय उपसत नाहीत. चुकणाऱ्या शब्दाशेजारी त्याच अर्थक्षेत्रातला दुसरा शब्द उभा करणे, हा उच्चार सुधारण्यापेक्षा पुष्कळदा लवकर साधणारा उपाय आहे.

आकडे हा वेगळा प्रश्न, कारण तेथे वाक्याचा आधार जवळजवळ नसतो. ‘गट क्रमांक एकशे सदुसष्ट’ आणि ‘एकशे अडुसष्ट’ दोन्ही वाक्यात तितकेच बसतात, आणि फरक आहे तो पहिल्या दोन अक्षरांत. मराठीतल्या शंभरापर्यंतच्या संख्यांत अशा जवळच्या जोड्या अनेक आहेत. गट क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक एकेक अंक सुटा सांगावा: ‘एक सहा सात’. फक्त या एका ठिकाणी तोडून बोलणे फायद्याचे असते. रक्कम मात्र पूर्ण संख्येने सांगून लगेच ‘रुपये’ म्हणावे, म्हणजे ही संख्या आहे हे यंत्राला कळते. ‘सव्वादोन’, ‘पावणेतीन’, ‘अडीच’ यांचे अंकांत रूपांतर होईल, शब्दांत राहील की अर्धेअर्धे होईल, हे साधनागणिक बदलते; हिशोबाच्या मजकुरात ती हाताने लिहिणेच बरे.

विरामचिन्हांबद्दलही साधनागणिक फरक आहे. ‘पूर्णविराम’ असे एकदा बोलून पाहावे. ठिपका उमटला तर सोय आहे. ‘पूर्णविराम’ हा शब्दच उमटला तर नाही, आणि मग वाक्य संपल्यावर हाताने ठिपका देणे हाच मार्ग. गूगल डॉक्समध्ये बोललेली विरामचिन्हे मोजक्या युरोपीय भाषांपुरतीच असल्याने तेथे मराठीत ही खटपट करू नये. मराठी वाक्यात मिसळलेल्या इंग्रजी शब्दांत मात्र ढब सोडायची नाही. ‘फॉर्म सबमिट केला’ हे मराठी ढबीतच बोलावे. वाक्याच्या मध्येच ‘सबमिट’चा उच्चार इंग्रजी वळणाने केला, तर मराठीवर लावलेल्या यंत्राला तो परका पडतो. पूर्ण मजकूर इंग्रजीत सांगायचा असेल, तर भाषा ‘इंग्रजी (भारत)’ निवडावी. अमेरिकन किंवा ब्रिटिश इंग्रजीवर लावलेले यंत्र मराठी माणसाच्या ‘व’ला आणि दन्त्य ‘त’-‘द’ला जास्त अडखळते.

शेवटचा टप्पा तपासणीचा, आणि तेथे डोळा फसतो. हाताने टाइप करताना झालेली चूक चुकीच्या अक्षरामुळे डोळ्यात खुपते. आवाजी टंकलेखनातली चूक मात्र शुद्ध, शब्दकोशातल्या शब्दाची असते, आणि वाक्य वरवर सरळ वाचले जाते. तीन जागा न चुकता पाहाव्या लागतात. पहिली नावे. दुसरी आकडे. तिसरी नकार. पश्चिम महाराष्ट्रापासून मराठवाड्यापर्यंतच्या ग्रामीण बोलण्यात ‘आहे’चे ‘हाय’ आणि ‘नाही’चे ‘नाय’ होते, आणि ‘पाणी हाय’ व ‘पाणी नाय’ यांत एका ध्वनीचाच फरक उरतो. ‘खताची पोती भिजली नाहीत’ यातला ‘नाहीत’ गळाल्यावर उरलेले वाक्यही निर्दोष मराठी असते, फक्त अर्थ नेमका उलटा. म्हणून नोंदीत, अर्जात, पंचनाम्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ ही दोन रूपे ढब बाजूला ठेवून पूर्ण उच्चारावीत, आणि जेथे नकारावर पैसे किंवा हक्क अवलंबून असेल तेथे वाक्यच दुहेरी करावे: ‘पोती भिजली नाहीत, कोरडी आहेत.’ एक भाग गळाला तरी दुसरा शिल्लक राहतो, आणि दोन्ही भाग जुळत नसले तर तपासताना ते लगेच लक्षात येते.